सांध्यांची पूरके: ग्लुकोसामाइन आणि माशाचे तेल

सांधेदुखी कमी व्हावी किंवा सांध्यांची झीज थांबावी म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतल्या जाणाऱ्या गोळ्या, कॅप्सूल आणि पावडरी यांना सांध्यांची पूरके म्हणतात. त्यांत ग्लुकोसामाइन सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याच्या जोडीला बहुधा कॉन्ड्रॉइटिन हा सांध्यांतच आढळणारा दुसरा पदार्थ असतो. माशाचे तेल हृदयासाठी म्हणून घराघरांत आले आणि पुढे गुडघ्यांसाठीही घेतले जाऊ लागले. चाळिशी-पन्नाशीतली पळणारी, डोंगर चढणारी, बॅडमिंटन खेळणारी माणसे या पूरकांची मोठी गिऱ्हाईक आहेत. मात्र ज्यांच्यावर या पूरकांची तपासणी झाली त्यांतले बहुतेक लोक गुडघ्याचा संधिवात आधीच जडलेले होते. पुढचे निष्कर्ष वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

ग्लुकोसामाइन ही शरीरात साध्या साखरेपासून तयार होणारी अमिनो शर्करा आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात पाणी धरून ठेवणाऱ्या लांब साखळ्या असतात आणि त्या बांधायला ग्लुकोसामाइन लागते. कच्चा माल जास्त दिला तर कूर्चाही जास्त तयार होईल, हा या गोळीमागचा तर्क. ‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, त्यामुळे हा तर्क चटकन पटतो. पण कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तोंडावाटे घेतलेल्या ग्लुकोसामाइनचा बराच भाग यकृतातच खर्ची पडतो. प्रयोगशाळेत कूर्चेच्या पेशींवर परिणाम दिसला तेव्हा वापरलेले प्रमाण गोळीनंतर रक्तात सापडणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पट होते. शिवाय निरोगी शरीराला या कच्च्या मालाची टंचाई असते, असेही कधी दिसलेले नाही. वीटभट्टी जोरात चालू असताना विटांचा आणखी एक ट्रक आणून ओतला म्हणून भिंत उंच होत नाही.

तरीही या गोळीला प्रतिष्ठा मिळाली, त्याला कारण होते. युरोपात ग्लुकोसामाइन सल्फेट हे रीतसर औषध म्हणून विकले जात होते आणि 2001 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची तीन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. 212 रुग्णांपैकी निम्म्यांना रोज 1500 मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन दिले आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. प्लासिबोवाल्यांच्या गुडघ्यातली फट सरासरी 0.31 मिलिमीटरने कमी झाली, ग्लुकोसामाइनवाल्यांची जेमतेम 0.06 ने. एक्स-रे पाहून डॉक्टर ‘गॅप कमी झालाय’ म्हणतात, ती हीच फट. तिथेच एक मेख होती. हे एक्स-रे रुग्णाला गुडघा ताठ करून उभे करून काढलेले होते. दुखणे थोडे कमी असले की माणूस गुडघा अधिक सरळ करू शकतो, आणि फक्त तेवढ्याने फटीचे माप बदलते. त्यामुळे कूर्चा खरोखर वाचली की मोजमाप हलले, हा वाद शिल्लक राहिला. चांगले निष्कर्ष बहुतांशी एकाच उत्पादकाच्या गोळीच्या चाचण्यांमधून येत होते, हेही लोकांच्या नजरेतून सुटले नाही.

अमेरिकेत मात्र 1994 च्या कायद्यानुसार पूरके अन्नाच्या सदरात येतात आणि विक्रीपूर्वी ती गुणकारी असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. खप इतका वाढला की अखेर सरकारी पैशातून ‘गेट’ नावाची मोठी चाचणी झाली. 2006 मध्ये तिचे निकाल प्रसिद्ध झाले. 16 केंद्रांमधल्या 1583 रुग्णांचे पाच गट केले होते: ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, दोन्ही एकत्र, सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक, आणि प्लासिबो. 24 आठवड्यांत दुखणे किमान 20 टक्क्यांनी कमी झाले तर ‘बरे वाटले’ असे धरायचे ठरले होते. या कसोटीवर ग्लुकोसामाइनच्या गटात 64 टक्क्यांना बरे वाटले. प्लासिबोच्या गटात 60.1 टक्क्यांना. सेलेकॉक्सिबच्या गटात 70.1 टक्क्यांना, आणि प्लासिबोहून निर्विवाद सरस ठरले ते एवढेच. दोन्ही पूरकांची जोडीसुद्धा 66.6 वर थांबली.

या निकालातला 60.1 हा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. औषध नसलेली गोळी घेऊन दहांपैकी सहा जणांना बरे वाटते, तर ‘मला फरक पडला’ या अनुभवावरून गोळीबद्दल काहीच ठरत नाही. अनुभव खोटा नसतो. पण माणूस पूरक सुरू करतो ते दुखणे टोकाला गेल्यावर, आणि संधिवाताचे दुखणे भरती-ओहोटीसारखे वरखाली होत असते. शिखरावरून ते बहुधा खालीच येते.

‘गेट’मधला एक तुकडा जाहिरातींत आजही वापरला जातो. मध्यम ते तीव्र दुखणे असलेल्या 354 जणांच्या उपगटात ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या जोडीने 79.2 टक्क्यांना बरे वाटले आणि प्लासिबोने 54.3 टक्क्यांना. फरक मोठा दिसतो. पण त्याच उपगटात सेलेकॉक्सिबलासुद्धा प्लासिबोवर पक्की मात करता आली नाही. एरवी हमखास काम करणारे औषध जिथे डळमळते, तो तुकडा फार लहान आहे असेच समजायला हवे. दुसरा आक्षेप असा की ‘गेट’मध्ये ग्लुकोसामाइनचे हायड्रोक्लोराइड हे रूप वापरले होते, सल्फेट नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या ‘लेग्ज’ चाचणीत 605 जणांवर दोन वर्षे सल्फेटच तपासले. कॉन्ड्रॉइटिनसह दिलेल्या गटात फट प्लासिबोपेक्षा 0.1 मिलिमीटर कमी अरुंद झाली, पण दुखण्यात काहीच फरक नव्हता. आज अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांची संघटना (2019) आणि ब्रिटनमधील उपचारांचे मार्गदर्शन करणारी संस्था ‘नाइस’ (2022) दोन्ही गुडघ्याच्या संधिवातासाठी ग्लुकोसामाइन देऊ नये असे सांगतात. ‘एस्सिओ’ या युरोपीय तज्ज्ञगटाने मात्र स्फटिकरूप सल्फेटची बाजू सोडलेली नाही.

मग ज्यांचा गुडघा अजून शाबूत आहे, जिन्यावर जरा कुरकुरतो इतकेच, त्यांचे काय? या प्रश्नाला भिडणाऱ्या चाचण्या थोड्या आहेत. नेदरलँड्समध्ये 50 ते 60 वयाच्या, वजन जास्त असलेल्या पण संधिवात नसलेल्या 407 स्त्रियांना अडीच वर्षे ग्लुकोसामाइन सल्फेट किंवा प्लासिबो देण्यात आले. संधिवात टाळण्यात गोळीचा फायदा दिसला नाही. त्याच चाचणीतला आहार-व्यायामाचा कार्यक्रमही गट म्हणून फसला, कारण तो नेटाने पाळणाऱ्या कमी होत्या. अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत 35 ते 65 वयाच्या, सौम्य ते मध्यम गुडघेदुखी असलेल्या 201 जणांना 24 आठवडे लिंबाच्या सरबतातून ग्लुकोसामाइन किंवा प्लासिबो दिले आणि एमआरआय करून कूर्चा पाहिली. सरबत पिणाऱ्या दोन्ही गटांच्या कूर्चेत फरक आढळला नाही. पळण्याने गुडघे झिजतात, म्हणून आधीच गोळी घ्यावी, या भीतीलाही फारसा आधार नाही. हौसेने पळणाऱ्यांमध्ये गुडघा आणि खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण बैठे काम करणाऱ्यांपेक्षा कमी आढळले आहे.

माशाच्या तेलाची गोष्ट निराळी आहे. त्यातली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 मेदाम्ले शरीरातला दाह खरोखर कमी करतात. आमवातात, म्हणजे जिथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या आजारात, रोज सुमारे 3 ग्रॅम ईपीए-डीएचए घेतल्यावर सकाळचा ताठरपणा आणि ठणका थोडा कमी होतो असे बऱ्याच चाचण्यांत दिसले. झिजेच्या संधिवातात तसे घडत नाही. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियात गुडघ्याचा संधिवात असलेल्या 202 जणांपैकी निम्म्यांना रोज 4.5 ग्रॅम ओमेगा-3 आणि निम्म्यांना त्याचा दहावा हिस्सा, 0.45 ग्रॅम दिले. दोन वर्षांनी कमी मात्रा घेणाऱ्यांचेच दुखणे जास्त कमी झाले होते. कूर्चेत फरक नव्हता. संशोधकांची अपेक्षा नेमकी उलटी होती. दोन्ही गटांना तेल मिळाले असल्याने कमी मात्रा तरी गुणकारी आहे, असे या चाचणीवरून म्हणता येत नाही. पुढे ‘व्हायटल’ या मोठ्या अभ्यासात गुडघेदुखी असलेल्या 1398 जणांना रोज 1 ग्रॅम माशाचे तेल किंवा प्लासिबो देऊन सरासरी पाच वर्षे पाहिले, तेव्हाही दुखण्यात फरक पडला नाही.

बाटलीवरचा आकडा इथे फार फसवतो. साध्या कॅप्सूलवर ठळक अक्षरांत 1000 मिलिग्रॅम छापलेले असते, पण ते तेलाचे वजन असते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बहुधा ईपीए 180 आणि डीएचए 120 सापडते, म्हणजे कामाचे 300. आमवाताच्या चाचण्यांतली मात्रा गाठायची तर अशा दहा कॅप्सूल रोज घ्याव्या लागतील. ती कसर कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने भरून काढायला जाणे धोक्याचे, कारण त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते शरीरात साठत जाते. बांगडा आणि तारलीत हीच मेदाम्ले भरपूर असतात. जवसात असते ते वेगळे ओमेगा-3, आणि शरीर त्यातले फार थोडे ईपीएत बदलू शकते. त्यामुळे जवसाची चटणी चवीसाठी खावी, तिच्यावर चाचण्यांचे आकडे लावू नयेत.

शाकाहारी माणसांनी ग्लुकोसामाइनचा उगमही पाहून घ्यावा. ते बहुतांशी कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचापासून काढतात. मक्यावर बुरशीची प्रक्रिया करून बनवलेलेही मिळते. सल्फेट टिकाऊ करण्यासाठी त्यात मीठ मिसळलेले असते, ते सोडियमचे असेल तर रक्तदाबाच्या रुग्णांनी ध्यानात घ्यावे. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनसोबत ग्लुकोसामाइन घेतल्यास आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप, वाढल्याच्या नोंदी आहेत. माशाच्या तेलाच्या मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो. एरवी दोन्ही पूरकांचा त्रास पोट बिघडणे आणि माशाची ढेकर एवढाच असतो.

एवढे कळूनही कोणाला करून पाहायचेच असेल तर गोळी सुरू करण्याआधी दोन आठवडे तेच जिने चढून-उतरून दुखणे शून्य ते दहा या मापात वहीत टिपावे. मग तीन महिने गोळी आणि त्याच टिपणांची सवय ठेवावी, त्यानंतर गोळी बंद करून पुन्हा दोन महिने. बंद केल्यावर आकडा वर सरकला नाही तर बाटली पुन्हा आणण्याचे कारण उरत नाही. अर्थात, आपण काय घेतो आहोत हे स्वतःलाच ठाऊक असल्याने या वहीला चाचणीचा दर्जा नाही. आणि गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा पायाखालून निसटल्यासारखा वाटत असेल तर असे साडेपाच महिने घालवू नयेत. ती फाटलेल्या गादीची, म्हणजे मेनिस्कसची, किंवा अस्थिबंधाच्या इजेची लक्षणे असू शकतात आणि तिथे कुठलेच पूरक लागू पडत नाही.