वेगवेगळ्या क्षमतेच्या हार्ड डिस्क एकाच पूलमध्ये : वापरायला जागा नेमकी किती मिळते?

नास बॉक्स, म्हणजे नेटवर्कवरून वापरायची हार्ड डिस्कची पेटी, घेण्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांपैकी अनेकांजवळ आधीच दोन-तीन हार्ड डिस्क असतात. एखादी जुन्या संगणकातून काढलेली २ टीबीची, एखादी मागच्या लग्नसराईत घाईघाईने घेतलेली ४ टीबीची, आणि त्यांत भर म्हणून नवी ८ टीबीची. या सगळ्या एका पूलमध्ये, म्हणजे एकत्रित साठ्यात, चालतील का, आणि चालल्या तर हाती जागा किती येईल, असे दोन प्रश्न त्यांच्या मनात असतात. पहिल्याचे उत्तर बहुधा होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र डिस्कवर छापलेल्या आकड्यांची बेरीज करून मिळत नाही, आणि नवी डिस्क कोणती घ्यावी हे त्याच उत्तरावर ठरते, म्हणून हे पत्रक.

अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या पद्धतींना रेड म्हणतात. येथील विवेचन त्यांतील सिनॉलॉजी कंपनीच्या हायब्रिड रेड, म्हणजेच एसएचआर या पद्धतीला धरून आहे, कारण आम्ही बसवतो ते बहुतेक बॉक्स त्याच पद्धतीवर चालतात. (त्या कंपनीच्या मोठ्या कार्यालयांसाठीच्या काही मॉडेलमध्ये एसएचआर मिळत नाही, खरेदीपूर्वी हे पाहून घ्यावे.)

रत्नागिरीतील एका फोटो स्टुडिओकडे २, ४, ४ आणि ८ टीबीच्या चार डिस्क आहेत असे धरू. एकूण बेरीज १८ टीबी होते. साध्या रेड ५ पद्धतीत सर्वांत लहान डिस्कच सगळ्यांचे माप ठरवते, म्हणजे प्रत्येक डिस्कचा केवळ २ टीबी भाग वापरात येतो आणि त्यातील एका डिस्कइतकी जागा पॅरिटीसाठी, म्हणजे बिघाड झाल्यास माहिती पुन्हा उभी करता यावी यासाठी, खर्ची पडते. हाती ६ टीबी येतात आणि मोठ्या डिस्कवरचे १० टीबी बंद पडून राहतात.

एसएचआर हे नुकसान टाळते ते डिस्कचे थर पाडून. चार वेगवेगळ्या उंचीच्या चिऱ्यांच्या रचा शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि प्रत्येक रचेच्या माथ्यावरून एक आडवी दोरी ताणली आहे, असे डोळ्यांसमोर आणल्यास ही पद्धत चटकन समजते. पहिली दोरी २ टीबीच्या उंचीवर येते. तिच्याखालचा थर चारही डिस्कमधून जातो, म्हणून त्यावर चार डिस्कचा रेड ५ बांधला जातो आणि ६ टीबी मिळतात. दुसरी दोरी ४ टीबीवर येते. तिच्याखालच्या २ टीबी जाडीच्या थरात तीनच डिस्क आहेत, तेव्हा तीन डिस्कचा रेड ५ होऊन आणखी ४ टीबी मिळतात. त्यावर ८ टीबीच्या डिस्कचा ४ टीबीचा भाग एकटाच उरतो. त्या उंचीवर दुसरी डिस्कच नसल्यामुळे तिथे ठेवलेल्या माहितीची भरपाई करणारे कोणी नसते, म्हणून एसएचआर तो भाग मुळी वापरतच नाही. एकूण १० टीबी. थरात दोनच डिस्क असत्या तर तिथे रेड १, म्हणजे एकाची तंतोतंत प्रत दुसरीवर, अशी रचना झाली असती.

प्रत्येक थरातून एका डिस्कइतकी जागा वजा होते आणि सर्वांत मोठी डिस्क प्रत्येक थरात असतेच. त्यामुळे थर न मोजताही हिशेब असा मांडता येतो :

```
वापरायची जागा = सर्व डिस्कची बेरीज − सर्वांत मोठी डिस्क
१८ − ८ = १० टीबी
```

हे सूत्र एक डिस्क निकामी झाल्यास माहिती टिकावी, एवढ्या संरक्षणासाठी आहे. एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तरी माहिती टिकवणारा एसएचआर-२ हा प्रकारही आहे, परंतु त्यासाठी किमान चार डिस्क लागतात आणि जागाही बरीच अधिक जाते. चार डिस्कच्या लहान बॉक्ससाठी आम्ही तो सहसा सुचवत नाही.

आता स्टुडिओची जागा संपत आली आणि बॉक्समध्ये पाचवा कप्पा नाही, तेव्हा २ टीबीची जुनी डिस्क काढून तिच्या जागी नवी बसवायची ठरली. कोणती घ्यावी? ४ टीबीची घेतल्यास डिस्क ४, ४, ४, ८ अशा होतात, बेरीज २०, वजा ८, म्हणजे १२ टीबी. वाढ दोनच टीबींची. ८ टीबीची घेतल्यास ४, ४, ८, ८ होतात, बेरीज २४, वजा ८, म्हणजे १६ टीबी. डिस्क ६ टीबींनी मोठी झाली आणि वापरायची जागाही पूर्ण ६ टीबींनी वाढली, कारण जुन्या ८ टीबीच्या डिस्कचा जो ४ टीबी भाग एकटा पडला होता, त्याला आता जोडीदार मिळाला. थरांत पाहायचे तर पहिला थर पूर्वीसारखाच ६ टीबी देतो, दुसऱ्या थरात तीनच्या ऐवजी चार डिस्क आल्यामुळे तोही ४ ऐवजी ६ टीबी देतो, आणि त्यांच्यावर दोन ८ टीबी डिस्कमध्ये ४ टीबीचा रेड १ नव्याने तयार होतो.

येथेच अनेक ग्राहक विचारतात की थोडे पैसे अधिक घालून एकदम १६ टीबीची डिस्क का घेऊ नये. तोच हिशेब पुन्हा करून पाहावा. ४, ४, ८, १६ यांची बेरीज ३२, त्यातून सर्वांत मोठी १६ वजा केली की १६ टीबीच उरतात. म्हणजे १६ टीबीची डिस्क आज ८ टीबीच्या डिस्कइतकीच जागा देते आणि तिचा वरचा अर्धा भाग दुसरी तेवढी मोठी डिस्क येईपर्यंत रिकामाच राहतो. वर्षभरात दुसरी १६ टीबीची घेण्याचा निश्चित विचार असेल तर गोष्ट वेगळी, एरवी हे पैसे कपाटात ठेवल्यासारखेच आहेत. या पद्धतीत पहिली मोठी डिस्क फारसे काही देत नाही, दुसरी देते. म्हणून मोठ्या डिस्क जोडीने घेण्याचा आमचा आग्रह असतो.

पूलमध्ये कोणतीही डिस्क कोणत्याही क्रमाने घालता येते, असाही एक समज आहे. पाचवा कप्पा असलेल्या बॉक्समध्ये डिस्क काढून न बदलता वाढवायची असेल, तर नवी डिस्क पूलमधील सर्वांत मोठ्या डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते, किंवा आधीच्या एखाद्या डिस्कच्या नेमकी बरोबरीची तरी. आपल्या स्टुडिओच्या मूळ पूलमध्ये २, ४ किंवा ८ टीबीची डिस्क चालेल, ८ हून मोठीही चालेल, पण ६ टीबीची डिस्क जोडता येणार नाही. घातलेली डिस्क पुढे काढून घेऊन पूल लहान करण्याचीही सोय नाही, तेव्हा "तात्पुरती" म्हणून एखादी डिस्क आत घालू नये.

बदल करताना सर्वांत नाजूक काळ जुनी डिस्क काढल्यापासून नवीवर माहिती पूर्ण उभी राहीपर्यंतचा असतो. रिकामा कप्पा नसेल तर जुनी डिस्क काढताच पूलची स्थिती Degraded अशी दिसू लागते, आणि त्या अवस्थेत आणखी एक डिस्क गेली तर सगळाच पूल जातो. ८ टीबीची डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइट या वेगाने एकदा पूर्ण लिहायची तरी सुमारे पंधरा तास लागतात. थर वाढवण्याचे काम त्यापुढचे, आणि त्या वेळात कोणी बॉक्सवर काम करत असेल तर सगळे मिळून दोन-तीन दिवसही जाऊ शकतात. जून ते सप्टेंबर या काळात वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळे, चालू स्थितीतील यूपीएस असल्याशिवाय आम्ही पावसाळ्यात डिस्क बदलून देत नाही. जुन्या डिस्कपैकी एखादी एसएमआर प्रकारची असेल, म्हणजे तिच्यावर माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर किंचित चढवून लिहिल्या जात असतील, तर सलग लिहिताना ती फार मंदावते आणि बाकीच्या सगळ्यांना थांबवून ठेवते. म्हणून डिस्कचे मॉडेल आम्ही आधी तपासतो.

काम नीट पार पडले की नाही हे पाहण्याची खात्रीची रीत म्हणजे बॉक्समध्ये एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याच्या सोयीने, शिरून थरांची स्थिती विचारणे. आपल्या उदाहरणात बदलानंतर साधारण असे दिसेल (ओळी संक्षिप्त केल्या आहेत) :

```
cat /proc/mdstat
md4 : active raid1  [2/2] [UU]
md3 : active raid5  [4/4] [UUUU]
md2 : active raid5  [4/4] [UUUU]
```

`md0` आणि `md1` या ओळीही त्यात असतात, पण त्या बॉक्सच्या स्वतःच्या प्रणालीच्या आहेत. कंसात `U` च्या जागी `_` दिसले तर त्या थरातील एक डिस्क गळाली आहे असे समजावे. एकाच थरात `_` दिसत असेल आणि बाकीचे थर पूर्ण असतील तर ते काम अजून चालू असल्याचेही लक्षण असू शकते. अशा वेळी बॉक्स बंद न करता आम्हाला कळवावे. सगळे थर पूर्ण असूनही जागा जुनीच दिसत असेल, तर पूल वाढला आहे पण त्यावरचे व्हॉल्यूम, म्हणजे फाइलींसाठी आखून दिलेला भाग, वाढवायचे राहिले आहे, आणि ते बॉक्सच्या Storage Manager मधून वाढवता येते.

पडद्यावर दिसणारा आकडा मात्र आमच्या हिशेबापेक्षा लहान असेल, आणि त्यात कोणाची लबाडी नाही. डिस्कचे उत्पादक एक टीबी म्हणजे एक लाख कोटी, अर्थात १०,००,००,००,००,००० बाइट धरतात, तर बॉक्सची प्रणाली दर पायरीला हजाराऐवजी १०२४ ने भाग देते. त्यामुळे आपले १० टीबी पडद्यावर ९.१ च्या आसपास आणि १६ टीबी साडेचौदाच्या आसपास दिसतात. प्रणालीची स्वतःची जागा आणि फाइल सिस्टीमचा खर्च यांमुळे त्यातही थोडी घट होते.

ज्यांनी स्वतः लिनक्सवर बीटीआरएफएसचा रेड १ उभा केला आहे, त्यांनी वरचे सूत्र जसेच्या तसे वापरू नये. तिथे प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्या जातात, म्हणून बेरजेचा निम्मा भाग आणि बेरीज वजा सर्वांत मोठी डिस्क यांपैकी जो आकडा लहान असेल तो खरा. २, ४, ४, ८ साठी निम्मा भाग ९ आणि दुसरा आकडा १०, तेव्हा मिळतील ९ टीबी.

हे सगळे संरक्षण एका डिस्कच्या बिघाडापुरते आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा ज्यांच्या दुकानात तळमजल्यावर बॉक्स होता, त्यांच्या चारही डिस्क एकदमच पाण्याखाली गेल्या असणार, आणि त्यावर कोणत्याही पॅरिटीचा उपाय चालत नाही. म्हणून डिस्क बदलण्याआधी संपूर्ण बॅकअप दुसऱ्या जागी घेतलेला आहे, हे पाहिल्याखेरीज आम्ही कामाला हात लावत नाही.

दुकानात येताना सध्याच्या प्रत्येक डिस्कची क्षमता व मॉडेल, Storage Manager मधील पूलच्या पानाचा फोटो आणि बॉक्समध्ये रिकामे कप्पे किती आहेत ही माहिती आणल्यास, कोणती डिस्क घेतल्यावर किती जागा वाढेल हे आम्ही समोरच मांडून देऊ.