कॅल्क्युलेटर चुकत नाही, पण…

“सर, कॅल्क्युलेटरने काढलंय म्हणजे उत्तर बरोबरच असणार ना?”

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या शिकवणीत नववीतल्या मुलीने वही पुढे केली. रिक्षाचे ५० रुपये, शिवाय २० रुपयांच्या ३ वह्या. एकूण खर्च १०६०!

“अगं, तीन वह्या नि रिक्षा, हजाराच्या वर कसे जातील?”

“पण मी ५० + ३ × २० असंच दाबलं, सर.”

“परत दाब, हळूहळू.”

तिने × दाबलं आणि पडद्यावर ५३ आलं. ती थबकली.

“बघ, इथेच ५० आणि ३ ची बेरीज झाली. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर पुढची खूण दाबताच आधीचं गणित उरकून टाकतो. त्याने ५३ ला २० ने गुणलं.”

“माझ्या मोबाइलवर मात्र ११० येतात.”

“तो अख्खी ओळ वाचतो आणि गुणाकार आधी करतो. साध्यावर तू आधी ३ × २० कर, मग ५० मिळव. नाहीतर मेमरी रिकामी करून ३ × २० M+, ५० M+ आणि शेवटी MRC दाब.”

११० आले. मग तिने मागच्या पानावरची उदाहरणं स्वतःच पुन्हा तपासायला घेतली.