डॅम्परभोवतीची फट: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

हवा वाहून नेणारा डक्ट अग्निरोधक भिंत ओलांडतो, तिथे आगीत बंद होणारी झडप म्हणजे फायर डॅम्पर. त्याच्याभोवतीची फट भरायची की मोकळी ठेवायची, हा तो वाद. उष्णतेने वितळणारी कडी आणि तिच्यावर अडकवलेला पत्र्याचा पडदा, एवढ्यावर फायर डॅम्परची पहिली पिढी चालली. कडी साधारण 72 ते 74 अंशांना सुटते, पण धूर त्याआधीच गार अवस्थेत पुढे गेलेला असतो. 1980 मध्ये लास व्हेगासच्या एका हॉटेलात तळमजल्यावर आग लागली. त्यात 85 माणसे गेली, बरीचशी वरच्या मजल्यांवर धुरात गुदमरून. 2011 मध्ये कोलकात्याच्या एका खासगी रुग्णालयात तळघरातल्या आगीचा धूर असाच वर चढला. डिटेक्टरच्या इशाऱ्यावर मोटरने बंद होणाऱ्या स्मोक डॅम्परचा आग्रह अशाच घटनांनी वाढवला.

भिंतीतली जागा कोणती, याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. पाते भिंतीच्या जाडीत हवे आणि डक्टचा जोड सुटणारा हवा, म्हणजे डक्ट कोसळला तरी डॅम्पर जागेवर राहतो.

खरा गुंता डॅम्परभोवतीच्या फटीचा आहे. अमेरिकी पद्धतीत स्लीव्ह, म्हणजे डॅम्पर बसवलेली पत्र्याची चौकट, तापून फुगणार हे गृहीत धरून भोक मुद्दाम मोठे ठेवतात, रुंदीच्या दर फुटाला 1/8 इंच. म्हणजे 600 मिमी रुंदीला दोन्ही बाजू मिळून साधारण 6 मिमी. ही फट भरत नाहीत. भिंतीला टेकलेले अँगल ती झाकतात. युरोपात मात्र डॅम्पर, भिंत आणि भोवतीचे मॉर्टर किंवा खनिज लोकरीचे बॅट यांची चाचणी एकत्रच होते, त्यामुळे तिथे भराव हा चाचणीचाच भाग आहे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत डक्टभोवतीची जागा, आग अडवण्यासाठी वेगळ्या केलेल्या त्या भागाइतक्या, म्हणजे कंपार्टमेंटइतक्या, अग्निरोधक साहित्याने बंद करायला सांगितले आहे.

साइटवर याची खिचडी होते. डॅम्पर अमेरिकी यादीतला, त्याभोवती फटी बुजवणाऱ्या फायरस्टॉपवाल्याने ठासलेले मॉर्टर, आणि तपासणीत ‘फट नाही’ म्हणून शेरा चांगला. आगीत फुगलेल्या स्लीव्हला बाहेर जागा मिळत नाही, ती आत दबते आणि पाते खाचेत अडकते. माझ्या मते दोष संहितेपेक्षा खरेदीत जास्त आहे: त्या डॅम्परच्या चाचणीत भराव होता का, हे ऑर्डर देताना कुणी विचारत नाही. काही उत्पादकांनी भरावासकट चाचणी करून घेतली आहे. त्यांच्या इन्स्टॉलेशन शीटवर सीलंटची जात आणि खोली दिलेली असते. शीटवर तसे नसेल, तर भरायचे नाही.

डॅम्पर बसवल्यानंतरच्या नियमित चाचणीची सक्ती हा पुढचा भाग. अमेरिकेत आता बसवल्यावर एक वर्षाने आणि पुढे दर चार वर्षांनी डॅम्परचा पडदा खाली सोडून तो बंद होतो का ते पाहावे लागते. रुग्णालयांना सहा वर्षांची मुभा आहे. पडदा पुन्हा वर चढवायला हात आत जावा लागतो, म्हणून डक्टला कडीच्या बाजूने दार लागते आणि त्याच्याच खाली फॉल्स सीलिंगमध्ये उघडणारी फळी. नकाशात दोन्ही असतात, पण सीलिंगवाला नंतर येतो आणि फळी दिव्यांच्या रांगेला जुळवून हातभर सरकवतो.