वॉलेरियन ऱ्हास

मज्जातंतू तुटला की तुटलेल्या जागेच्या पुढचा, म्हणजे मेंदूपासून दूर असलेला, भाग काही दिवसांत मरून विरघळतो. या प्रक्रियेला वॉलेरियन ऱ्हास म्हणतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापून सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले बदल १८५० साली नोंदवले. पुढच्या भागातले तंतू काही दिवसांत नासलेल्या दुधासारखे गुठळ्यागुठळ्यांचे झाले होते. पेशीशी जोडलेला मागचा भाग मात्र शाबूत होता.

मज्जातंतू ही हजारो अ‍ॅक्झॉनची मोळी असते. प्रत्येक अ‍ॅक्झॉन हा एकाच चेतापेशीचा लांब धागा, आणि हातापायांत जाणाऱ्या धाग्यांच्या पेशी मज्जारज्जूत किंवा त्याच्या शेजारच्या गाठींत असतात. धाग्याला लागणारी बहुतेक प्रथिने तिथूनच येतात, त्यामुळे तुटलेला भाग उपासमारीने हळूहळू मरत असेल असे पूर्वी मानले जाई. प्रत्यक्षात तो स्वतःला मोडून टाकतो. पेशीकडून सतत येणारे NMNAT2 हे अल्पायुषी प्रथिन संपते, त्यामुळे SARM1 नावाचे प्रथिन जागे होते आणि ते धाग्यातला, ऊर्जा तयार करायला लागणारा NAD⁺ हा रेणू फस्त करते. ऊर्जा संपते, कॅल्शियम आत घुसते आणि धाग्याचा सांगाडा तुकडे होऊन कोसळतो. या यंत्रणेचा माग लागला तो एका उत्परिवर्तित उंदरामुळे. त्याच्या कापलेल्या तंतूंचा पुढचा भाग दोन-तीन आठवडे टिकून राहत असे.

माणसात ही मोडतोड लगेच दिसत नाही, आणि तपासणीत चूक होते ती इथेच. दुसऱ्या दिवशी जखमेच्या पुढे विजेचा सौम्य धक्का दिला तर स्नायू नेहमीसारखा आकसतो आणि मज्जातंतू शाबूत असल्याचा भास होतो. स्नायूंचा प्रतिसाद साधारण आठवडाभरात मावळतो, संवेदना नेणाऱ्या तंतूंचा दहा-अकरा दिवसांत. स्नायूत सुई घालून करायच्या तपासणीत मज्जातंतू तुटल्याच्या खुणा बहुधा तीन आठवड्यांनी स्पष्ट होतात.

एवढ्यात साफसफाई सुरू झालेली असते. अ‍ॅक्झॉनभोवती मायलिनचे वेष्टण धरून बसलेल्या श्वान पेशी आपले काम बदलतात. त्या स्वतः मायलिन मोडतात, भक्षक पेशींना बोलावतात आणि रिकाम्या झालेल्या नळीत एकामागे एक रांग लावून वाढीला पोषक द्रव्ये सोडतात. नवा अ‍ॅक्झॉन याच रांगेचा हात धरून पुढे सरकतो. वेग दिवसाला सुमारे १ मिलिमीटर.

कोपराशी काचेने करंगळीकडे आणि पंजातल्या छोट्या स्नायूंकडे जाणारा अल्नर मज्जातंतू पूर्ण कापला गेला, असे धरू. टोके आपोआप जुळत नाहीत. शल्यचिकित्सक सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने बाहेरचे आवरण शिवतात, आणि ताण पडणार असेल तर पायातल्या स्युरल मज्जातंतूचा तुकडा मध्ये जोडतात. शिवण ओलांडण्यात सुमारे महिना जातो. तिथून पंजातल्या छोट्या स्नायूंपर्यंत ३० सेंटिमीटर, म्हणजे ३०० दिवस. सगळे सुरळीत झाले तरी अकरा महिने लागतात. मज्जातंतूविना राहिलेला स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांत झिजून चरबी आणि तंतुमय ऊतीने भरतो, त्यामुळे इथे हातात फार वेळ उरत नाही. तीच इजा काखेत झाली तर अंतर जवळपास दुप्पट असते, आणि अ‍ॅक्झॉन पोहोचला तरी त्याला चालवायला स्नायू उरलेला नसतो. संवेदना मात्र बऱ्याच उशिराही काही प्रमाणात परतू शकते.

वाढ चालू आहे का, हे बोटाच्या टिचकीने कळते. हाताच्या टोकाकडून कोपराकडे मज्जातंतूवर टिचक्या मारत यावे. जिथे पहिल्यांदा करंगळीत मुंग्या येतात, तिथवर संवेदनेचे नवे तंतू पोहोचलेले असतात. ही खूण महिन्याला साधारण ३ सेंटिमीटर पुढे सरकायला हवी. ती शिवणीपाशीच अडून राहिली तर धागे व्रणात गुंतून दुखरी गाठ झाल्याची शंका घ्यावी. खूण सरकली तरी स्नायू परत मिळेलच असे नाही, कारण स्नायूकडचे धागे चुकून त्वचेच्या नळीत शिरलेले असू शकतात.

मेंदूत आणि मज्जारज्जूतही कापलेला धागा असाच मरतो, पण पुढची तयारी होत नाही. तिथले मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी बनवतात आणि त्या श्वान पेशींसारखे रूप पालटत नाहीत. मायलिनचा कचरा आठवड्यांऐवजी महिने, कधी वर्षे पडून राहतो, आणि त्यातली नोगो-ए सारखी प्रथिने वाढीचे टोक मागे ढकलतात. जखमेभोवतीच्या व्रणातली शर्करायुक्त प्रथिनेही अडसर होतात. शिवाय प्रौढ चेतापेशीची स्वतःची वाढीची उमेद खूप घटलेली असते. डोळ्यामागचा दृष्टितंतू बाहेरून मज्जातंतूसारखा दिसला तरी मेंदूचाच भाग आहे, म्हणून तो तुटल्यावर शिवून उपयोग होत नाही.

दोष सगळा पेशीचा नाही, हे सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी १९८१ मध्ये उंदरांवर दाखवले. पायाच्या मज्जातंतूचा तुकडा त्यांनी मेंदूच्या तळापासून मज्जारज्जूपर्यंत पुलासारखा बसवला. एरवी न वाढणारे अ‍ॅक्झॉन त्यातून सुमारे ३ सेंटिमीटर वाढत गेले. पुलाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा मज्जारज्जूत शिरल्यावर मात्र ते जेमतेम एक-दोन मिलिमीटर पुढे जाऊन थांबले.