ऋतुकाल, दक्षिण गोलार्धातील

विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील एखाद्या शहराचा उन्हाळा वा हिवाळा कोणत्या महिन्यांत येतो, हे सांगण्याची रीत. उत्तर गोलार्धातील महिने सहा महिन्यांनी पुढे सरकवले की काम भागते, असे सामान्यतः धरले जाते. मात्र ऋतू नेमका कोणत्या तारखेला सुरू होतो, याबद्दल एकवाक्यता नाही.

सिडनी आणि ब्वेनोस आइरेस ही दोन्ही शहरे साधारण ३४° दक्षिण अक्षांशावर आहेत. ऑस्ट्रेलियात उन्हाळा १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आणि हिवाळा जून ते ऑगस्ट मोजतात. अर्जेंटिनात मात्र उन्हाळा सामान्यतः २१ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे सूर्य सर्वाधिक दक्षिणेस असतो त्या अयनदिनापासून धरतात. त्यामुळे १० डिसेंबरला सिडनीत उन्हाळा असतो, तर ब्वेनोस आइरेसमध्ये अजून वसंतच चालू असतो. दोन्हीकडे सूर्य मध्यान्ही जवळजवळ सारखाच उंच असतो. फरक फक्त मोजणीचा.

ऑस्ट्रेलियातील महिन्यारंभाच्या प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. वसाहतीच्या आरंभकाळी सैनिकांचे हिवाळी व उन्हाळी गणवेश महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलत, त्यावरून ती रूढ झाली, असे सांगतात. ही कथा लोकप्रिय असली, तरी हवामानाच्या नोंदी पूर्ण महिन्यांच्या सरासरीने ठेवण्याची सोय हेच कारण अधिक संभाव्य वाटते. सूर्याच्या स्थितीवरून मोजलेले खगोलीय ऋतू समान लांबीचेही नसतात. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते आणि तेव्हा तिचा वेग वाढतो. म्हणून दक्षिणेचा खगोलीय उन्हाळा सुमारे ८९ दिवसांत सरतो, तर हिवाळा सुमारे ९४ दिवस चालतो.

नोंद करताना दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे उन्हाळा दोन इसवी सनांत विभागला जातो, हे विसरणे. सिडनीबाबत ‘२०२४ चा उन्हाळा’ एवढेच लिहिले, तर त्या वर्षीचे जानेवारी-फेब्रुवारी अभिप्रेत आहेत की डिसेंबर, हे कळत नाही. ‘२०२४-२५ चा उन्हाळा’ असे लिहिणे इष्ट. हिवाळा एकाच सनात बसत असल्याने त्याला ही अडचण नाही. दुसरी चूक नावांची. ‘वसंतसंपात’ ही उत्तर गोलार्धाची संज्ञा आहे. दिवस-रात्र समान असलेल्या मार्चमधील त्या दिवशी सिडनीत शरद असतो. ‘मार्च संपात’ आणि ‘डिसेंबर अयनदिन’ ही नावे दोन्ही गोलार्धांत चालतात.

विषुववृत्ताजवळ ही चौकट लागू पडत नाही. ग्वायाकिल हे एक्वादोरचे शहर सुमारे २° दक्षिणेस आहे. तेथे साधारण जानेवारी ते मे हा पावसाळी काळ वर्षातला अधिक उष्ण असतो, तरीही स्थानिक स्पॅनिशमध्ये त्याला ‘इन्व्हिएर्नो’, म्हणजे हिवाळा म्हणतात. उलट त्यानंतरच्या कोरड्या व सौम्य महिन्यांना ‘व्हेरानो’, म्हणजे उन्हाळा. अशा शहराबाबत पावसाळी आणि कोरडा काळ महिन्यांसह देणेच योग्य.