डिक्लरेशन्सचा विभाग आणि ‘वाजवी विनंती’चा घोळ

शोधनिबंधात संदर्भसूचीच्या आधी येणारा डिक्लरेशन्सचा, म्हणजे नैतिक मंजुरी, निधी, लेखकांचे योगदान, डेटा यांबद्दलच्या निवेदनांचा विभाग आज साचेबंद वाटतो. त्यातल्या नोंदी मात्र वेगवेगळ्या काळात रुजल्या. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४चा, पण त्यातली तत्त्वे न पाळणारे संशोधन छापायला स्वीकारू नये, हे १९७५च्या दुरुस्तीत आले. लेखकांपैकी कोणी काय केले हे छापण्याची प्रथा काही वैद्यकीय नियतकालिकांनी १९९७च्या सुमारास सुरू केली. डेटा कुठे मिळेल हे सांगण्याची सक्ती मोठ्या प्रमाणावर २०१४नंतरची.

तोवर निधीचा उल्लेख आभारात, नैतिक मंजुरी पद्धतीच्या भागात आणि योगदान तळटीपेत अशी विखुरलेली मांडणी असे. जैववैद्यकीय नियतकालिकांच्या एका मोठ्या प्रकाशकाने हे सगळे एका शीर्षकाखाली आणले आणि प्रत्येक उपशीर्षक सक्तीचे केले. सांगण्यासारखे काही नसेल तर ‘लागू नाही’ असे लिहायचे. लेखक नोंद विसरला की खरोखर मंजुरीची गरज नव्हती, हे संपादकाला त्यामुळे पाहताक्षणी कळू लागले.

पण रकाना भरला म्हणजे माहिती मिळालीच असे नाही. सर्वाधिक वाद झाला तो डेटाच्या रकान्यातल्या एका वाक्यावर: ‘वाजवी विनंती केल्यास डेटा संबंधित लेखकाकडून उपलब्ध होईल.’ वाजवी म्हणजे काय, ते ठरवणार कोण आणि उत्तर किती दिवसांत यायला हवे, यातले काहीच त्या वाक्यात नसते. तरीही नियम पाळला गेला असेच धरले जाते.

याच प्रकाशकाने जानेवारी २०१९मध्ये छापलेल्या निबंधांची एका गटाने तपासणी केली आणि निष्कर्ष २०२२मध्ये मांडले. डेटा देण्याची तयारी ज्यांत लिहून दिली होती, अशा १,७९२ निबंधांच्या लेखकांना त्यांनी पत्रे पाठवली. उत्तर आले २५४ जणांचे. डेटा प्रत्यक्ष दिला १२२ जणांनी, म्हणजे शंभरात जेमतेम सात. बाकीच्यांच्या निवेदनांतही डेटा देण्याची तयारी लिहिलेली होतीच.

रुग्णांची ओळख उघड होण्याची भीती हे डेटा न देण्याचे खरे कारण असू शकते. तसे असेल तर ते निवेदनातच लिहायला हवे: कोणत्या समितीने बंधन घातले आणि अर्ज कोणाकडे करायचा. २०१४मध्येच एका मुक्त-प्रवेश प्रकाशकाने यावर नेमका नियम केला होता. डेटासाठी एकटा लेखक हाच संपर्क म्हणून चालणार नाही; बंधन असलेल्या डेटासाठी नैतिकता समिती किंवा संस्थेतले कार्यालय असा पत्ता द्यायचा. लेखक नोकरी बदलतो, ईमेल बंद पडतो, पण कार्यालयाकडे अर्ज करता येतो. तरी बाकीच्या अनेक नियतकालिकांनी ‘वाजवी विनंती’ हाच नमुना चालू ठेवला.