आयकराच्या नोटिशीतले ‘30 दिवस’ मराठीत लिहिताना: पगारदारांसाठी

रिटर्न भरल्यावर काही महिन्यांनी पगारदाराच्या इमेलवर बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडून इंग्रजी पीडीएफ येते. ऑफिसात मग कोणीतरी ती मराठीत सांगायला बसतो. आमच्या पतसंस्थेत हे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. शब्द चुकला तर चालून जाते, पण तारीख चुकली तर पैसे जातात, हे मी एका सहकाऱ्याच्या नोटिशीवर शिकलो. मी ‘नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत’ असे लिहून दिले होते. मूळ इंग्रजीत तसे नव्हते.

पगारदाराला बहुतेक वेळा दोनच पत्रे येतात आणि दोन्हींत 30 दिवस असतात. पण ते वेगवेगळ्या दिवसापासून मोजायचे असतात.

पहिले पत्र कलम 143(1)(a) चे. रिटर्नमधल्या दोन रकान्यांचा मेळ बसत नाही, बेरीज चुकली आहे किंवा वजावट मर्यादेपेक्षा जास्त मागितली आहे, म्हणून आम्ही हा फेरफार करणार आहोत, तुमचे म्हणणे सांगा, असा त्याचा आशय असतो. इथे मुदत सूचनापत्र निघाल्यापासून 30 दिवस. 4 नोव्हेंबर 2025 ला निघालेले पत्र कोणी 22 नोव्हेंबरला उघडले, तरी शेवटचा दिवस 4 डिसेंबरच. ‘मिळाल्यापासून’ लिहिले की वाचणारा 22 डिसेंबर धरून निवांत बसतो. तोवर प्रस्तावित फेरफार होऊन गेलेला असतो, कारण उत्तर आले नाही तर तो ‘केला जाईल’ असेच कायदा म्हणतो. त्याचे मराठीत ‘केला जाऊ शकतो’ करू नये.

दुसरे पत्र कलम 143(1) चे. यात हिशेब पूर्ण झालेला असतो आणि पैसे निघत असतील तर हेच पत्र कलम 156 ची मागणी नोटीस मानले जाते. कलम 220(1) प्रमाणे ही रक्कम नोटीस बजावल्यापासून, म्हणजे ती तुमच्याकडे पोहोचल्यापासून, 30 दिवसांत भरायची असते. म्हणून एका ठिकाणी ‘निघाल्यापासून’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बजावल्यापासून’ असेच लिहावे. दोन्हीकडे ‘पासून’ आहे म्हणून एकच वाक्य वापरण्याचा मोह होतो, आणि घोळ तिथेच होतो.

आणखी एक शब्द नडतो तो ‘अॅडजस्टमेंट’. शब्दकोशातले ‘समायोजन’ दोन्हीकडे ठोकून दिले की अर्थ हरवतो. 143(1)(a) मध्ये त्याचा अर्थ रिटर्नमधल्या आकड्यात फेरफार. कलम 245 मध्ये मात्र जुन्या थकबाकीपोटी परतावा वळता करणे. तसेच उत्पन्नातून कमी होते ती ‘वजावट’, पगारातून कापला जातो तो टीडीएस आणि कलम 87A मधली ती ‘करसवलत’. तिन्हींना ‘सूट’ म्हटले की पुढचा हिशेब कोणालाच लागत नाही.

कलमांचे आकडे आणि अक्षरे नोटिशीत आहेत तशीच ठेवावीत. 143(1)(a) चे 143(1)(अ) किंवा 143(1)(क) करू नये. पोर्टलवर शोधताना आणि सीएला फोनवर सांगताना मूळ अक्षरच लागते. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा, 2025 लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तरीही आकारणी वर्ष 2025-26 च्या पत्रात 1961 च्या कायद्याचे कलम असेल तर तेच लिहावे, स्वतःच्या मनाने नवे बसवू नये. ‘प्रीव्हियस इयर’चे भाषांतर ‘मागील वर्ष’ केले तर वाचणारा गेल्या वर्षाचा फॉर्म 16 काढतो. ‘आर्थिक वर्ष 2024-25’ असे आकड्यासह लिहावे.

आता एक उदाहरण पूर्ण पाहू. आकडे मी बसवलेले आहेत, पण घडते असेच.

एका कारकुनाच्या पगारातून वर्षभरात 62,400 रुपये टीडीएस कापला गेला. तेवढाच कर देय होता, म्हणून रिटर्नमध्ये बाकी शून्य. मालक कापलेल्या कराचे दर तिमाहीला जे 24Q विवरण भरतो, त्यात शेवटच्या तिमाहीला त्याचा पॅन चुकला, त्यामुळे पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या 26AS मध्ये फक्त 48,300 जमा दिसले. 12 डिसेंबर 2025 ला 143(1) चे पत्र इमेलने पोहोचले. पत्रात दोन रकाने असतात, एक तुम्ही भरलेला आणि दुसरा विभागाने मोजलेला. उत्पन्नाच्या ओळी दोन्हींत सारख्याच, फरक फक्त टीडीएसच्या ओळीत, 14,100 चा. त्यावर आगाऊ कर कमी भरल्याचे 234B आणि 234C चे व्याज धरून मागणी 16,080 रुपये. ही रक्कम ‘सुमारे 16 हजार’ अशी लिहू नये. कलम 288B प्रमाणे ती आधीच दहाच्या पटीत आणलेली असते.

भरण्याची मुदत 11 जानेवारी 2026. त्यानंतर कलम 220(2) चे व्याज दरमहा 1 टक्का, आणि महिन्याचा काही भाग असला तरी पूर्ण महिना धरतात. ‘दरमहा 1 टक्का’ एवढेच लिहिले तर 13 जानेवारीला भरणाऱ्याला वाटते की दोन दिवसांचेच व्याज लागेल. प्रत्यक्षात शंभराखालची रक्कम सोडून 16,000 वर 160 रुपये लागतात.

पण या कारकुनाने पैसे भरायचे का? पगारातून कर खरोखर कापला गेला असेल, तर कापलेल्या रकमेपुरता कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही, असे कलम 205 सांगते. म्हणून पोर्टलवर ‘Pending Actions’ मध्ये ‘Response to Outstanding Demand’ उघडून असहमती नोंदवावी. घाईत ‘Demand is correct’ निवडू नये. ते एकदा सादर केले की नंतर असहमती दाखवता येत नाही. हा इशारा मी भाषांतरात ठळक करतो, मूळ पत्रात तो तसा नसला तरी.

सोबत बाराही महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म 16 चे दोन्ही भाग, 26AS, भरलेल्या रिटर्नची प्रत आणि मालकाला लिहिलेले पत्र ठेवावे. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, मध्ये जागा नाही. पत्र खरे आहे का हे पोर्टलच्या पहिल्या पानावर ‘Authenticate Notice/Order Issued by ITD’ मध्ये तपासता येते.

मालकाने 24Q ची दुरुस्ती भरली आणि 26AS मध्ये 62,400 दिसू लागले की ‘Services’ मधल्या ‘Rectification’ मध्ये ‘Reprocess the return’ निवडावे. आकडा दिसण्याआधी अर्ज केला तर पुन्हा तेच उत्तर येते. कलम 154 खालच्या या दुरुस्तीची मुदत आदेश ज्या आर्थिक वर्षात झाला त्याच्या अखेरीपासून 4 वर्षे, म्हणजे इथे 31 मार्च 2030. मराठीत नुसते ‘आदेशापासून 4 वर्षे’ लिहिले तर साडेतीन महिने हातचे जातात. अपील करायचे असेल तर मात्र एवढी सवड नाही, तिथे मागणी नोटीस बजावल्यापासून 30 दिवसच. दुरुस्तीचा अर्ज पडून आहे म्हणून ते थांबत नाहीत.